सीआरएआर १३.३३ टक्के: कर्ज बुडतं तेव्हा हा आकडा काय करतो

प्रश्न: आमच्या गावच्या नागरी सहकारी बँकेत माझ्या आणि आईच्या मिळून अठरा लाखांच्या ठेवी आहेत. वार्षिक अहवालात लिहिलंय, 'सीआरएआर १३.३३ टक्के, रिझर्व्ह बँकेच्या निकषापेक्षा जास्त'. म्हणजे आमच्या ठेवींपैकी तेवढे पैसे कुठेतरी बाजूला काढून ठेवलेले असतात का? मोठं कर्ज बुडालं तर ते आम्हाला मिळतात का? आणि 'जोखीमभारित मालमत्ता' म्हणजे नक्की काय?

उत्तर:

नाही, बाजूला काढून ठेवलेलं काहीच नसतं. बाजूला ठेवायचे पैसे म्हणजे सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोख, आणि एसएलआर, म्हणजे मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायची रक्कम. ते ठेवींच्या प्रमाणात असतात आणि त्यांचा उपयोग वेगळा. सीआरएआर म्हणजे भांडवल पर्याप्तता, आणि भांडवल ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला असतं. बँकेकडे काय आहे हे त्यातून कळत नाही, बँकेकडे जे आहे त्यातलं कितीवर कोणाचाच परत मागण्याचा हक्क नाही हे कळतं. मी वीस-बावीस वर्षं नागरी बँकांची वैधानिक लेखापरीक्षणं केली. संचालक मंडळावरच्या माणसांनासुद्धा हा फरक समजावून सांगावा लागतो, त्यामुळे तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे.

तुमच्या बँकेएवढीच एक बँक कागदावर मांडू या. आकडे मी हिशोबाला सोपे घेतले आहेत, पण अशा बँकेच्या ताळेबंदाची घडण साधारण अशीच असते.

बँकेचा ताळेबंद ५०० कोटींचा. ठेवी ४५० कोटी. सभासदांचं भागभांडवल १३ कोटी, वर्षानुवर्षांच्या नफ्यातून साठलेले राखीव व इतर निधी २३ कोटी. हे दोन्ही मिळून ३६ कोटी म्हणजे पहिल्या श्रेणीचं भांडवल, टियर वन. शिवाय ४ कोटींचं टियर टू: गुंतवणूक चढउतार निधी, आणि चांगल्या कर्जांवर संभाव्य नुकसानापोटी नियमाप्रमाणे करून ठेवलेली सर्वसाधारण तरतूद. एकूण भांडवल ४० कोटी. उरलेले १० कोटी म्हणजे देय व्याज वगैरे किरकोळ देणी.

आता हे ५०० कोटी कुठे आहेत? १० कोटी रोख आणि रिझर्व्ह बँकेकडची शिल्लक, ५० कोटी इतर बँकांत, १२० कोटी सरकारी रोख्यांत, ३०० कोटी कर्जांत आणि २० कोटी इमारत, फर्निचर, येणं व्याज अशा गोष्टींत.

ठेवीदाराने ४५० कोटी मागितले तर ते द्यावेच लागतात, आणि व्याजासकट. सभासदाला मात्र त्याच्या शेअरचे पैसे असे हक्काने मागता येत नाहीत. लाभांश दिला नाही तरी बँक थकबाकीदार ठरत नाही. निधी तर कोणा एकाचा नसतोच. म्हणून मालमत्तेची किंमत ५०० वरून ४९० वर आली, तर ते १० कोटी ठेवींतून वजा होत नाहीत, निधीतून होतात. ४० कोटी पूर्ण संपेपर्यंत तुमच्या ४५० कोटींना धक्का लागत नाही. उशी म्हणतात ती हीच. तिजोरीत गेलात तर ती सापडणार नाही, कारण ती देणी आणि मालमत्ता यांच्यातल्या फरकात आहे. ते ४० कोटीसुद्धा इतर पैशांत मिसळून कर्जात आणि रोख्यांतच गुंतलेले असतात.

इथून जोखीमभाराकडे येऊ.

उशी किती जाड हवी, हे मालमत्तेत धोका किती आहे त्यावर ठरतं. सगळे पैसे सरकारी रोख्यांत असतील तर ४० कोटींची उशी गरजेपेक्षा जास्त, आणि सगळे विनातारण कर्जांत असतील तर कमी. म्हणून प्रत्येक मालमत्तेला एक भार लावायचा आणि त्या भारित बेरजेशी भांडवलाची तुलना करायची, ही पद्धत १९८८च्या बाझल करारात ठरली. तिथे किमान ८ टक्के होतं. भारतात नरसिंहम समितीनंतर १९९२पासून व्यापारी बँकांना ती लागू झाली आणि नागरी बँकांपर्यंत ती त्यानंतर टप्प्याटप्प्याने आली.

आपल्या बँकेत रोख आणि रिझर्व्ह बँकेकडच्या शिल्लकीला शून्य भार, कारण ते बुडणार नाहीत. इतर बँकांतल्या ५० कोटींना २० टक्के, म्हणजे १० कोटी. सरकारी रोखे बुडत नाहीत, पण व्याजदर वाढले की त्यांची बाजारातली किंमत उतरते. म्हणून नागरी बँकांना त्यांवर २.५ टक्के भार धरावा लागतो. १२० कोटींवर तो ३ कोटी. इमारत वगैरेंना पूर्ण १०० टक्के, २० कोटी.

३०० कोटींची कर्जं मात्र एका भारात बसत नाहीत. ठेव तारण ठेवून दिलेली २० कोटींची कर्जं शून्य भाराची, कारण कर्जदाराची ठेव आधीच बँकेच्या हातात आहे. नियमांत बसणारी, घराच्या किमतीपेक्षा पुरेशी कमी रक्कम दिलेली छोटी गृहकर्जं ६० कोटींची. त्यांना ५० टक्के, म्हणजे ३० कोटी. व्यापारी, कारखानदार वगैरेंची कर्जं १८० कोटींची, भार १०० टक्के, म्हणून १८० कोटीच. वैयक्तिक आणि ग्राहकोपयोगी वस्तूंसाठीची कर्जं ४० कोटींची, त्यांना १२५ टक्के, म्हणजे ५० कोटी. कर्जांचा भार झाला २६०. याशिवाय बँकेने ठेकेदारांसाठी दिलेल्या ७ कोटींच्या हमी ताळेबंदात दिसत नाहीत, पण ठेकेदाराने हात वर केले तर बँकेलाच भरावं लागतं. म्हणून तेही ७ कोटी धरायचे.

१० + ३ + २० + २६० + ७ = ३०० कोटी. ही जोखीमभारित मालमत्ता. ४० कोटी भागिले ३०० कोटी, म्हणजे १३.३३ टक्के. तुमच्या अहवालातला आकडा असाच येतो. भाजक ठेवींचा नसतो, एकूण मालमत्तेचाही नसतो. त्यामुळे 'आमच्या ठेवींच्या १३ टक्के' असं वाचलं की अर्थच बदलतो. ठेवींशी तुलना केली तर ही उशी ४५० कोटींवर ४० कोटींची आहे, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आत.

आता मोठं कर्ज बुडतं तेव्हा काय होतं ते बघू.

समजा, एका सूत प्रक्रिया करणाऱ्या घराण्याच्या दोन फर्म आहेत, एकीला ५ कोटी, दुसरीला ४ कोटी. ९ कोटींचा हा आकडा मी मुद्दाम घेतला. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२०च्या नियमाप्रमाणे नागरी बँकेला एका कर्जदाराला टियर वनच्या १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के यापेक्षा जास्त देता येत नाही. आपल्या बँकेचं टियर वन ३६ कोटी. त्याचे १५ टक्के म्हणजे ५.४ कोटी आणि २५ टक्के म्हणजे ९ कोटी. एका घराण्याच्या बुडण्याने उशीचा चौथा हिस्सा जावा, त्याहून जास्त जाऊ नये, एवढाच या मर्यादेचा हेतू.

हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. त्या दिवसापासून बँकेला त्या कर्जाचं व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि आधी धरलेलं पण वसूल न झालेलं व्याज उलटवावं लागतं. ११ टक्के दराने ९ कोटींवर वर्षाचं व्याज जवळजवळ एक कोटी. बँकेचा तरतुदींपूर्वीचा नफा ४ कोटी होता, तो ३ झाला. हा फटका लोकांच्या लक्षात येत नाही, कारण तो 'तरतूद' या शीर्षकाखाली दिसत नाही.

पहिलं वर्ष खातं सबस्टँडर्ड, ही एनपीएची पहिली पायरी. नागरी बँकांना यावर १० टक्के तरतूद, ९० लाख. ३ कोटींच्या नफ्यातून ती सहज होते. उरलेल्यातून कर जातो, थोडा लाभांशही जातो. हिशोब सरळ राहावा म्हणून भांडवल ४० कोटीच धरू. उशीला हातसुद्धा लागलेला नाही, कारण तिच्यापुढे चालू वर्षाचा नफा उभा होता. तोट्याचा पहिला मारा नेहमी नफ्यावर पडतो.

दुसऱ्या वर्षी खातं संशयित, म्हणजे डाउटफुल होतं आणि तारणाचं नव्याने मूल्यांकन होतं. यंत्रसामग्री कर्ज देताना पूर्ण कर्जाएवढी दाखवली होती, पण बंद पडलेल्या कारखान्यातल्या जुन्या यंत्रांना आणि गोदामातल्या मालाला मूल्यांकनकार ४ कोटींच्या वर जायला तयार नाही. हे मी अक्षरशः डझनभर वेळा पाहिलं आहे. कर्ज मागताना दाखवलेली किंमत आणि दावा दाखल केल्यानंतरची किंमत यांच्यात निम्म्याहून जास्त अंतर असतं. आता तारण नसलेल्या ५ कोटींवर शंभर टक्के आणि तारण असलेल्या ४ कोटींवर २० टक्के तरतूद हवी. एकूण ५.८ कोटी. ०.९ कोटी आधीच केलेत, म्हणजे आणखी ४.९ कोटी लागतात. नफा ३ कोटी. तोटा १.९ कोटी.

हे १.९ कोटी निधीतून जातात. भांडवल ३८.१ कोटी. जोखीमभारित मालमत्तेतून ५.८ कोटी कमी होतात, कारण तेवढं कर्ज आता पुस्तकात उरलंच नाही. भाजक २९४.२. प्रमाण १२.९५ टक्के. ठेवी ४५० कोटींच्या ४५० कोटीच. तुमच्या व्याजाच्या नोंदीतही फरक पडला नाही. एक घराणं बुडालं, निम्म्याहून जास्त कर्ज गेलं आणि ठेवीदाराला त्याचा पत्ताही लागला नाही. भांडवलाचं काम हेच.

अशी चार घराणी एकदम बुडाली तर? सूत उद्योग मंदीत गेला की गावातल्या चारही मोठ्या खात्यांना एकदमच फटका बसतो, त्यामुळे ही कल्पना ताणलेली नाही. आता ३६ कोटी अडकले. व्याजाचे चार कोटी गेले, म्हणजे नफा शून्य. तरतूद चौपट, दोन वर्षांत मिळून २३.२ कोटी, आणि ती सगळी भांडवलातूनच. ४० मधून उरले १६.८. भाजक २७६.८. प्रमाण ६.०७ टक्के.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण लोक इथेच घाबरतात किंवा इथेच बेफिकीर राहतात. ६.०७ टक्क्यांवर बँक कायद्याने अडचणीत आहे, पण ठेवीदाराचे पैसे अजून पूर्ण शाबूत आहेत. मध्ये १६.८ कोटी उभे आहेत. वाटेत दोन रेषा आहेत. पहिली रेषा रिझर्व्ह बँकेची. पहिल्या श्रेणीतल्या छोट्या नागरी बँकांना ९ टक्के, आणि १०० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या बऱ्याचशा नागरी बँकांना १२ टक्के. हे १२ टक्के एकदम आले नाहीत. मार्च २०२४ला १०, मार्च २०२५ला ११ आणि मार्च २०२६ला १२ असा टप्पा दिला होता. दुसरी रेषा शून्याची, जिथे नक्त मालमत्ता संपते. पहिली रेषा ओलांडली की रिझर्व्ह बँक हात घालते, कर्जवाटप आणि लाभांशावर बंधनं आणते. एप्रिल २०२५पासून मोठ्या नागरी बँकांना तत्पर सुधारणा कारवाईची चौकट लागू आहे. तिच्यात भांडवल, नक्त एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेला एनपीए, आणि सलग दोन वर्षांचा तोटा यांवर नजर असते. दुसरी रेषा ओलांडण्याआधी बँक दुरुस्त व्हावी किंवा चांगल्या बँकेत विलीन व्हावी यासाठीच पहिली रेषा एवढी वर आखलेली आहे. आपल्या उदाहरणात १२ टक्के म्हणजे ३६ कोटी. म्हणजे ४० पैकी ३६ कोटी नियमाचे, आणि पहिली रेषा येईपर्यंत बँकेला मोकळेपणाने सोसता येणारा तोटा साधारण ४ कोटींचा.

आणि तिसऱ्या श्रेणीपर्यंत, म्हणजे संशयित होऊन तीन वर्षं उलटल्यावर, तारण असो-नसो शंभर टक्के तरतूद लागते. चारही घराण्यांकडून काहीच वसूल झालं नाही तर ४० मधून ३६ गेले, उरले ४ कोटी. ३६ कोटी म्हणजे ३०० कोटी कर्जांच्या फक्त १२ टक्के. म्हणजे जिथे ढोबळ एनपीए १२ टक्के आहे आणि वसुलीची आशा नाही, तिथे १३.३३ टक्क्यांची उशी जवळजवळ पूर्ण संपते. म्हणून सीआरएआर आणि एनपीए हे आकडे कधीच एकटे वाचू नका.

आतापर्यंतचा हिशोब एका गृहीतावर उभा आहे: बँकेने बुडीत कर्जाला बुडीत म्हटलं. ते म्हटलं नाही तर तरतूद होत नाही, तोटा दिसत नाही, भांडवल पुस्तकात ४० कोटीच राहतं आणि १३.३३ टक्केही तसेच राहतात. उशी आतून पोकळ झालेली असते, पण कापड शाबूत असतं.

हे कसं घडतं ते जवळून सांगतो. एका बँकेच्या लेखापरीक्षणात मी एका कॅश क्रेडिट खात्याचा उतारा पाहत होतो. जानेवारीपासून खात्यात विक्रीची एक पावती नव्हती, व्याज थकत होतं आणि २९ मार्चला एकदम ३८ लाख जमा. खातं नियमित. वर्गीकरणात ते चांगलंच दाखवलं होतं. मी जमा नोंदीचं व्हाउचर मागितलं. पैसे दुसऱ्या बँकेतून आरटीजीएसने आले होते, म्हणजे वरवर पाहता खरे. पण त्याच शाखेत २५ मार्चला एका नव्या फर्मला ४० लाखांचं मुदत कर्ज मंजूर झालेलं, वाटप त्याच दिवशी, पैसे त्याच दुसऱ्या बँकेत पाठवलेले. नव्या फर्मच्या भागीदारी पत्रावर कर्जदाराच्या मेव्हण्याची सही. शाखाधिकारी काही बोलला नाही, पाण्याचा पेला पुढे सरकवला. ते खातं आम्ही एनपीए केलं, नवं कर्जही त्याच्याबरोबर, आणि त्या एका खात्याने बँकेचा वर्षाचा नफा निम्म्यावर आला. अशी दहा खाती असती तर प्रमाणाचा पहिला आकडाच बदलला असता. एप्रिलमधला उतारा बघितल्याशिवाय मार्चचा ताळेबंद खरा मानू नये, ही सवय मला तिथून लागली.

आता ज्या बँकेचा हिशोब महाराष्ट्राला पाठ झाला पाहिजे तिच्याकडे येतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी. मार्च २०१९च्या अहवालात तिचं सीआरएआर १२.६२ टक्के होतं आणि ढोबळ एनपीए ३.७६ टक्के. तेव्हाच्या ९ टक्क्यांच्या निकषाच्या पुष्कळ वर. सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०१९ला, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. मग बाहेर आलं की एका बांधकाम समूहाला, एचडीआयएलला, दिलेलं कर्ज ६,५०० कोटींच्या वर होतं, बँकेच्या एकूण कर्जांच्या साधारण ७३ टक्के. ते लपवण्यासाठी २१,००० हून जास्त बनावट खाती दाखवली होती.

आपल्या पद्धतीने मोजून बघा. अहवालातली कर्जं सुमारे ८,४०० कोटी. सगळी शंभर टक्के भाराची धरली तरी त्यांच्यावर १२.६२ टक्के म्हणजे साधारण हजार कोटींचं भांडवल. ६,५०० कोटींच्या एका समूहात फक्त २० टक्के नुकसान धरलं तरी १,३०० कोटी होतात. उशी तिथेच संपली, आणि तो समूह तर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला होता. १२.६२ हा आकडा भागाकार म्हणून चुकला नव्हता. त्यात भरलेलं कर्जांचं वर्गीकरण खोटं होतं. २०२२च्या जानेवारीत युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं तेव्हा सभासदांचं भागभांडवल आणि निधी बुडीत कर्जांच्या तरतुदीत वळते झाले, आणि पाच लाखांच्या वरच्या ठेवीदारांना पैसे दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळतील असं ठरलं. तोटा आधी सभासदावर आणि मग ठेवीदारावर, हा क्रम कागदावर जसा लिहिलेला असतो तसाच तिथे प्रत्यक्षात आला.

यातून जोखीमभाराची एक मर्यादाही दिसते. भार कर्जाच्या जातीला लागतो, कर्जदाराच्या लायकीला नाही. चोख हिशोब ठेवणाऱ्या किराणा घाऊक व्यापाऱ्याचं कर्ज १०० टक्के आणि तिसऱ्यांदा मुदतवाढ मागणाऱ्या बिल्डरचंही १००. शिवाय भाराला एकवटीकरण दिसत नाही. ६,५०० कोटी एका घराण्याला दिले काय आणि दहा हजार माणसांना दिले काय, जोखीमभारित मालमत्ता तीच येते. बुडण्याची शक्यता मात्र तीच नसते. म्हणूनच १५ आणि २५ टक्क्यांच्या मर्यादा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

तुमच्या बँकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सहकारी बँकांपुरतीच आहे. ही उशी वाढते कशी? व्यापारी बँक बाजारात शेअर विकते, तेही अधिमूल्याने. नागरी बँकेचा शेअर दर्शनी किमतीला मिळतो आणि त्याच किमतीला परत होतो. म्हणून तिच्याकडे भागभांडवल येतं ते मुख्यतः कर्जदारांकडून. तारणी कर्ज घेताना कर्जाच्या २.५ टक्के आणि विनातारणी घेताना ५ टक्के शेअर घेण्याची पद्धत आहे. आता बँकेने ५० कोटींची नवी व्यापारी कर्जं दिली तर भार ५० कोटी, १२ टक्क्यांनी भांडवल लागेल ६ कोटी. शेअरमधून येतील सव्वा कोटी. उरलेले पावणेपाच कोटी नफ्यातून निधीत साठवावे लागतात. ४ कोटी नफ्याच्या बँकेला ते एका वर्षात जमत नाही. तीच रक्कम वैयक्तिक कर्जांत घातली तर भार ६२.५ कोटी आणि भांडवल साडेसात कोटी लागेल. म्हणून भांडवलाची चणचण असलेली बँक अचानक गृहकर्जाच्या जाहिराती करू लागते. आणि म्हणून सर्वसाधारण सभेत लाभांश वाढवा म्हणून आग्रह धरणारा सभासद आपल्याच उशीतला कापूस काढत असतो, हे मी प्रत्येक सभेत सांगत आलो आहे.

हेही बघा की कर्जदाराने घेतलेला शेअर त्याच्याच कर्जाच्या पैशांतून आलेला असतो. तो बुडाला की बँक त्याचे शेअर कर्जात वळते करते, म्हणजे ज्या दिवशी तोटा येतो त्याच दिवशी भागभांडवलही कमी होतं. कठीण काळात खरा आधार निधींचाच. दोन बँकांचं सीआरएआर सारखं असेल तर जिचे निधी भागभांडवलाच्या दुप्पट-तिप्पट आहेत तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

तुमच्या हातात वार्षिक अहवाल आहेच, तर तीन ठिकाणी पाहा.

पहिलं, गेल्या तीन वर्षांचं सीआरएआर आणि त्याच वर्षांची एकूण कर्जं शेजारी लिहा. प्रमाण वाढलं असेल तर भांडवल वाढल्यामुळे वाढलं की कर्जं आटल्यामुळे, हे लगेच कळेल. ११ वरून १४ वर गेलेलं प्रमाण कधी कधी एवढंच सांगत असतं की बँकेने कर्ज देणं थांबवलं आहे.

दुसरं, नक्त एनपीए ताळेबंदात किंवा टिपणांत रुपयांत दिलेला असतो. त्याला भांडवलाने भागा. आपल्या उदाहरणात एक घराणं बुडाल्यावर नक्त एनपीए ३.२ कोटी, भांडवल ३८.१, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आत. काळजीचं कारण नाही. चार घराणी बुडाल्यावर नक्त एनपीए १२.८ कोटी आणि भांडवल १६.८, म्हणजे ७६ टक्के. तिथे उरलेल्या उशीचा तीन चतुर्थांश भाग अशा कर्जांवर टेकलेला आहे जी आधीच आजारी आहेत. हे प्रमाण २५-३० टक्क्यांच्या वर दिसलं की मी पुढची पानं जास्त सावकाश वाचतो. हा माझा अंदाज आहे, नियम नाही.

तिसरं, टिपणांत सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे ते छापलेलं असतं. आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एनपीए किंवा तरतूद बँकेने दाखवल्यापेक्षा ठरावीक प्रमाणाहून जास्त निघाली असेल तर त्या तफावतीची नोंदही आता नागरी बँकांना करावी लागते. ही नोंद असली तर १३.३३ वर माझा भरवसा एकदम उतरतो, कारण तुमच्या बँकेच्या वर्गीकरणाशी रिझर्व्ह बँकेचे तपासनीस सहमत झाले नाहीत असा तिचा अर्थ आहे. दिसली तर सभेत उभं राहून विचारा: फरक किती कोटींचा होता, कोणत्या खात्यांत होता, आणि तो धरून सीआरएआर किती येतं? तिसऱ्या प्रश्नाला संचालक मंडळाला तोंडी आकडा देता आला पाहिजे.

आणि तुमच्या अठरा लाखांबद्दल. फेब्रुवारी २०२०पासून ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांचा आहे. तुमच्या नावाचे पाच आणि आईच्या नावाचे पाच. संयुक्त नावाच्या ठेवी वेगळ्या हक्कात धरल्या जातात, आणि नावांचा क्रम बदलला की तो हक्कही बदलतो. त्यामुळे पावत्यांवरची नावं एकदा तपासून घ्या. त्यापलीकडच्या रकमेला आधार फक्त त्या ४० कोटींचा, आणि ते ४० कोटी खरे आहेत की नाहीत याचा.